एक डोकं, चार शेपट्या

एका टोकाला सुमारे १८ मिलिमीटर रुंदीचं धातूचं डोकं, त्यातून निघालेल्या चार काळ्या केबल्स आणि प्रत्येकीच्या शेवटी त्याहून अरुंद, साधारण १३ मिलिमीटरचं डोकं. कॅटलॉगमध्ये हिचं नाव ब्रेकआउट केबल. कुणी फॅनआउट म्हणतं, कुणी ऑक्टोपस. पाय निम्मेच असले तरी. मोठं डोकं नेटवर्क स्विचच्या १०० गिगाबिटच्या पोर्टात बसतं, चार लहान डोकी चार सर्व्हरांमध्ये जातात आणि प्रत्येकाला २५ गिगाबिटची लिंक मिळते. शंभराचे चार पंचवीस. हिशेब इतका सरळ आहे की केबल खोचली म्हणजे काम संपलं असं वाटावं.

खोचल्यावर मात्र बऱ्याचदा स्विचवर एकही लिंक उभी राहत नाही. मग केबल सदोष ठरते, पुरवठादाराकडे परत जाते, दुसरी येते आणि तीही तशीच वागते. बहुतेक वेळा दोष केबलचा नसतोच. ही केबल वाटणी करत नाही. वाटणी करणारा कुठलाही भाग तिच्यात नाही. चार वाटा स्विचच्या चिपमध्ये आधीपासून असतात. केबल त्या चार ठिकाणी नेऊन सोडते, एवढंच. त्या वाटा एकत्र चालवायच्या की स्वतंत्र, हे चिपला कुणीतरी सांगावं लागतं. या केबलची बहुतेक बंधनं आणि बहुतेक रुसवे याच एका गोष्टीतून येतात.

वेग तोच, मांडणी वेगळी

जून २०१० मध्ये आयईईईने ४० आणि १०० गिगाबिट इथरनेटचं मानक मंजूर केलं. तारांच्या एका जोडीवरून सेकंदाला ४० गिगाबिट धाडणं तेव्हाच्या चिपना झेपणारं नव्हतं, १० गिगाबिट मात्र हातखंडा झालं होतं. म्हणून १०-१० च्या चार लेन शेजारी शेजारी चालवून ४० गाठायचे, असा मार्ग निघाला. त्यासाठी रूढ झालेलं चार लेनचं डोकं म्हणजे क्यूएसएफपी. पुढे एका लेनचा वेग २५ वर गेला आणि त्याच मापाच्या डोक्यातून १०० गिगाबिट जाऊ लागले; ते क्यूएसएफपी२८. एकाच लेनचं लहान डोकं ते एसएफपी आणि त्याची २५ गिगाबिटची आवृत्ती एसएफपी२८.

सर्व्हरला २५ गिगाबिट देण्याची कल्पना इथूनच निघाली. १०० च्या पोर्टात २५ ची लेन तयार आहे, तर ती एकेका सर्व्हरला सुटी का देऊ नये? जुलै २०१४ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, अरिस्टा, ब्रॉडकॉम आणि मेलानॉक्स या कंपन्यांनी एकत्र येऊन २५ गिगाबिटचा आराखडा पुढे केला आणि २०१६ मध्ये आयईईईचं मानकही आलं. म्हणजे या वेगाच्या जन्मातच पोर्ट तोडण्याचा विचार होता.

तारेवरून प्रत्यक्षात २५ नव्हे, २५.७८१२५ गिगाबिट धावतात, कारण दर ६४ बिटांमागे ओळखीची २ बिटं जोडलेली असतात. १०० च्या पोर्टातली एक लेन आणि सर्व्हरची स्वतंत्र २५ ची लिंक या दोन्हींचा तारेवरचा वेग अगदी हाच आहे. ४० च्या पोर्टातली लेन आणि १० ची लिंक यांचंही तसंच: १०.३१२५. वेग जुळतो, विजेचा संकेतही जुळतो, मग अडतं कुठे?

अडतं ते माहितीच्या मांडणीत. पोर्ट अखंड असतो तेव्हा चिप येणारी माहिती ६६ बिटांच्या ब्लॉकमध्ये बांधते आणि ते ब्लॉक पत्ते वाटावेत तसे चार लेनना पाळीपाळीने देते. पहिला ब्लॉक पहिल्या लेनला, दुसरा दुसरीला, पाचवा पुन्हा पहिलीला. चारही लेनवरचा प्रवास एकाच क्षणी संपेल याची खात्री नसते. म्हणून ४० गिगाबिटमध्ये प्रत्येक लेनवर १६,३८३ ब्लॉक झाले की एक खुणेचा ब्लॉक टाकला जातो, आणि समोरचं यंत्र या खुणा एका ओळीत आणून पत्ते मूळ क्रमाने लावतं. १०० गिगाबिटमध्ये ढीग चार नसून वीस असतात. सुरुवातीचे १०० चे पोर्ट दहा लेनचे होते. दहांनीही भाग जावा आणि चारांनीही, म्हणून वीस. चार लेनच्या पोर्टात एकेका लेनच्या वाट्याला पाच ढीग येतात.

अशा अखंड पोर्टाला ब्रेकआउट केबल जोडली तर काय होईल? एका सर्व्हरच्या हाती दर चौथा पत्ता येईल. एकाच पॅकेटचे तुकडे चार यंत्रांत विखुरतील आणि कुणालाच काही वाचता येणार नाही. उलट दिशेने स्विचला चार लेनवरून चार अनोळखी प्रवाह येतात, त्यांत त्याला हव्या त्या खुणा नसतात, म्हणून तो लिंक डाउन दाखवतो. यातली एक गंमत चांगल्या चांगल्यांना चकवते. १० गिगाबिटचं कार्ड लिंक उभी आहे की नाही हे ठरवताना आधी ब्लॉकची सुरुवात सापडते का ते बघतं, आणि ४० च्या एका लेनवर ती सापडू शकते. त्यामुळे सर्व्हरचा दिवा हिरवा आणि स्विच म्हणतो डाउन, असं चित्र दिसू शकतं. दिवा पाहून सर्व्हर आणि केबल निर्दोष समजणारा माणूस मग दुपारभर स्विचचा पोर्ट बदलत बसतो.

पोर्ट तोडणं म्हणजे चिपला हे सांगणं, की या चार लेनसाठी एक मॅक चालवू नकोस, चार चालव. मॅक म्हणजे पॅकेट आत घेणारा आणि बाहेर सोडणारा चिपमधला विभाग. चार मॅक झाले की वाटप बंद होतं, प्रत्येक लेन स्वतःची पॅकेट्स स्वतः वाहते आणि सर्व्हरला समोर एक साधा २५ गिगाबिटचा पोर्ट दिसतो. आपण शंभराच्या पोर्टाला टांगलेलो आहोत याचा त्याला पत्ताही नसतो.

केबलच्या आत

तांब्याच्या ब्रेकआउट केबलमध्ये आठ जोड्या असतात, प्रत्येक लेनला जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक. मोठ्या डोक्यातून त्या आठही निघतात आणि प्रत्येक शेपटीत दोन जातात. साध्या केबलमध्ये वाटेत संकेत वाढवणारं काही नसतं, म्हणून लांबीची मर्यादा कडक आहे. २५ गिगाबिटसाठी चूक-दुरुस्तीशिवाय साधारण ३ मीटर, पुरेशा चूक-दुरुस्तीसह ५ मीटर. जितकी लांब तितकी तार जाड: आखूड केबल ३० गेजची, लांब २६ गेजची. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण २६ गेजच्या दहा केबल्स रॅकच्या कडेने वळवायची वेळ आली की हाताला चांगलाच कळतो.

बुद्धी म्हणावी असं केबलमध्ये एकच असतं. प्रत्येक डोक्यात एक छोटी स्मृती-चिप असते आणि तिच्यात उत्पादक, लांबी, प्रकार, कोणते वेग चालतील अशी माहिती कोरलेली असते. स्विच ती वाचतो आणि ही ब्रेकआउट केबल आहे हे पुष्कळदा ओळखतोही. तरीही तो आपणहून पोर्ट तोडत नाही, निदान बहुतेक स्विच तोडत नाहीत, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. पोर्ट तोडल्याने बाकी बरंच काही हलतं, हे पुढे दिसेलच. केबल खोचल्याबरोबर ते सगळं हलावं असं कुठल्याही शहाण्या प्रशासकाला वाटणार नाही.

एक ओळ आणि तिचे परिणाम

सिस्कोच्या नेक्सस ९००० मालिकेत पोर्ट तोडायला एक ओळ पुरते:

```
interface breakout module 1 port 1 map 25g-4x
```

ही ओळ दिली की `Ethernet1/1` नावाचा इंटरफेस नाहीसा होतो आणि त्याच्या जागी `Ethernet1/1/1` ते `Ethernet1/1/4` असे चार उगवतात. नाहीसा होतो याचा अर्थ शब्दशः घ्यावा. त्या पोर्टावर व्हीलॅन, वर्णन, मर्यादा, जे काही लिहून ठेवलं होतं ते सगळं जातं. नव्या चार इंटरफेसची पाटी कोरी असते. म्हणून आधी पोर्ट तोडायचा आणि मग बाकीचं लिहायचं. तयार कॉन्फिगरेशन आधी भरून नंतर पोर्ट तोडणाऱ्याला तेच काम पुन्हा करावं लागतं.

सोनिक या मुक्त स्विच-प्रणालीत तोडण्याआधीच पोर्टांची नावं विचित्र दिसतात: `Ethernet0`, `Ethernet4`, `Ethernet8`. मधले आकडे कुठे गेले, असा प्रश्न नवख्याला पडतो. ते कुठेही गेलेले नाहीत. चार लेनच्या पोर्टांत आकडे लेनच्या हिशेबाने पडतात आणि अखंड पोर्टाला त्याच्या पहिल्या लेनचा आकडा मिळतो. `Ethernet0` तोडला की `Ethernet1`, `Ethernet2` आणि `Ethernet3` आपापल्या जागी येऊन बसतात, शेजारच्या कुणाचं नाव बदलावं लागत नाही. ही पद्धत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण चिपमध्ये खरं काय आहे ते ती नावातच सांगते. इथली आज्ञा अशी:

```
sudo config interface breakout Ethernet0 '4x25G[10G]'
```

चौकटी कंसातला १० म्हणजे याच चार लिंक गरज पडल्यास १० गिगाबिटवरही चालवता येतील. पोर्ट आधीपासून एखाद्या व्हीलॅनमध्ये असेल तर सोनिक तोडायला नकार देतो आणि कशाकशाचा संबंध आधी सोडवावा लागेल ते सांगतो.

नावं बदलल्याचा त्रास स्विचबाहेरही होतो. वाहतुकीचे आलेख काढणारी प्रणाली, बॅकअपची स्क्रिप्ट, वहीतला तक्ता, सगळीकडे जुनं नाव असतं. पोर्ट तोडल्यानंतर आलेखाची रेघ शून्यावर जाते आणि रात्रपाळीच्या माणसाला लिंक पडल्याचा इशारा मिळतो. प्रत्यक्षात काहीच पडलेलं नसतं. प्रणाली ज्या नावाकडे बघत असते ते नावच उरलेलं नसतं.

चाळीस सर्व्हरांचा रॅक

एक हिशेब पुरता करून बघू. ४२ युनिटांचा एक रॅक, त्यात एकेक युनिट उंचीचे ४० सर्व्हर आणि वर दोन स्विच. वीज आणि थंडावा पुरला असं धरू. प्रत्येक सर्व्हरला २५ गिगाबिटच्या दोन लिंक द्यायच्या, दोन्ही स्विचना एकेक. स्विच म्हणून मेलानॉक्सचा एसएन२७०० घेऊ. त्याला क्यूएसएफपी२८ चे ३२ पोर्ट आहेत, वरच्या रांगेत विषम आणि खालच्या रांगेत सम. प्रणाली क्युम्युलस लिनक्स.

एका स्विचला ४० लिंक म्हणजे दहा ब्रेकआउट केबल्स. खरेदीच्या कागदावर कुणीही लिहील की ३२ पैकी १० पोर्ट सर्व्हरांना गेले आणि २२ वरच्या नेटवर्ककडे जाण्यासाठी उरले. हे चूक आहे. या स्विचच्या चिपमध्ये लेन १२८ असल्या तरी पोर्ट म्हणून तिला एका वेळी ६४ च सांभाळता येतात. सगळे ३२ पोर्ट चार-चारांत तोडले तर १२८ होतील, जे तिच्या आवाक्याबाहेर आहे. यावर निर्मात्याने काढलेला तोडगा असा, की विषम पोर्ट चारांत तोडला तर त्याच्या खालचा सम पोर्ट बंद ठेवायचा. क्युम्युलसच्या फाइलवर आधारलेल्या पद्धतीत `/etc/cumulus/ports.conf` मध्ये हे असं दिसतं:

```
1=4x25G
2=disabled
3=4x25G
4=disabled
```

असंच १९ आणि २० पर्यंत. २१ ते ३२ हे बारा पोर्ट १०० गिगाबिटवर अखंड राहतात. म्हणजे वर जाण्यासाठी २२ नव्हे, १२. आपल्या रॅकला ते पुरून उरतात: खालून ४० गुणिले २५, म्हणजे १,००० गिगाबिट येऊ शकतात आणि चार पोर्ट वर जोडले तर ४०० गिगाबिटची वाट मिळते. अडीचास एक हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी चालतं. पण सगळा स्विच २५ गिगाबिटच्या सर्व्हरांनीच भरायचा ठरवला तर जास्तीत जास्त ६४ लिंक मिळतील, म्हणजे १.६ टेराबिट, आणि ३.२ टेराबिटचे पैसे मोजलेल्या यंत्राची अर्धी ताकद पडून राहील. ५० गिगाबिटच्या दोन-दोन लिंक घेतल्या तर मात्र ३२ गुणिले दोन बरोबर ६४ होतात आणि कुठलाच पोर्ट बंद ठेवावा लागत नाही.

असं बंधन प्रत्येक स्विचचं वेगळं असतं. कुठे ठरावीक पोर्टच तुटतात, कुठे एका गटातल्या पोर्टांना एकच वेग ठेवावा लागतो. स्विच घेण्याआधी त्याच्या माहितीपत्रकातलं पोर्टांचं हे कोष्टक वाचणं, हे या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त काम आहे.

फाइल बदलल्यावर तिचा अंमल होण्यासाठी `sudo systemctl reload switchd` द्यावं लागतं. या चिपवर त्याने बाकीचे पोर्ट विस्कटत नाहीत. पण ब्रॉडकॉमच्या चिप असलेल्या स्विचवर याच प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत ती सेवा नव्याने सुरू करावी लागत असे आणि तेवढा वेळ संपूर्ण स्विचची वाहतूक थांबत असे. भर दुपारी एका सर्व्हरसाठी एक पोर्ट तोडायला गेलेल्या माणसाने हे आधी वाचलेलं असावं.

आता लांबी. एक युनिट म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, म्हणजे ४२ युनिटांची उंची जवळपास १.८७ मीटर. तळाच्या सर्व्हरपर्यंत सरळ रेषेत दोन मीटर पुरतील असं वाटतं, पण केबल आधी कडेला येते, खाली उतरते आणि पुन्हा आत वळते. तिथे ३ मीटरचीच लागते, वरच्या सर्व्हरांना एक मीटरची. आणि चारही शेपट्या एकाच लांबीच्या असल्याने एका केबलवर शेजारचे चार सर्व्हर घ्यावेत. एक वरचा आणि एक तळाचा असं केलं तर वरच्याकडे दीड-दोन मीटरचं वेटोळं लोंबत राहतं आणि गरम हवेची वाट अडवतं.

शेपट्यांवर बहुधा १ ते ४ असे आकडे असतात. पहिली शेपटी पहिल्या लेनची, म्हणजे क्युम्युलसमध्ये `swp1s0`, दुसरी `swp1s1`. एक शून्यापासून मोजतो आणि दुसरा एकापासून, हा खोडसाळपणा लक्षात ठेवावा लागतो. तिसऱ्या शेपटीचा सर्व्हर बंद करायचा म्हणून `swp1s3` बंद केला की चौथ्याची लिंक जाते. खात्री करायची तर स्विच आणि सर्व्हर एकमेकांना आपली ओळख कळवतात तो एलएलडीपी प्रोटोकॉल दोन्हीकडे चालू ठेवावा आणि `lldpcli show neighbors` देऊन कोणत्या इंटरफेससमोर कोण बसलं आहे ते बघावं. चिकटवलेल्या लेबलपेक्षा त्यावर विश्वास ठेवलेला बरा.

चारपैकी एक डाउन

दोष शोधताना ही केबल एक सोय देते, जी साध्या केबलला नसते. तिच्या चार लिंकची एकमेकींशी तुलना करता येते. समजा चित्र असं आहे:

```
swp1s0   UP
swp1s1   UP
swp1s2   DOWN
swp1s3   UP
```

तीन उभ्या आहेत म्हणजे पोर्ट नीट तुटलेला आहे, वेग बरोबर आहे, मोठं डोकं घट्ट बसलेलं आहे. शंका उरते ती एक शेपटी आणि एक सर्व्हर एवढीच. तिसरी आणि चौथी शेपटी आपसांत बदलावी. दोष शेपटीबरोबर गेला तर केबल, सर्व्हरपाशीच राहिला तर सर्व्हर. याउलट चारही डाउन असतील तर शेपट्यांना हात लावण्यात अर्थ नाही. पोर्ट तुटला आहे का आणि `4x25G` ऐवजी `4x10G` असं तर लिहिलं नाही ना, ते आधी बघावं.

दोष सर्व्हरपाशीच राहिला असं धरू. २५ गिगाबिटमध्ये अशा वेळी पहिला संशयित असतो चूक-दुरुस्तीचा न जुळलेला प्रकार, ज्याला या क्षेत्रात फेक म्हणतात. इतक्या वेगात तांब्यावरून जाताना काही बिटं बिघडणारच, म्हणून माहितीसोबत थोडी जास्तीची माहिती पाठवून समोरच्याला ती दुरुस्त करू देतात. रीड-सॉलोमन प्रकारात ५१४ चिन्हांमागे १४ जास्तीची असतात आणि त्यावरून एका खेपेतली ७ बिघडलेली चिन्हं सुधारता येतात. २५ गिगाबिटला तीन पर्याय आहेत: दुरुस्ती नाही, हलकी फायरकोड दुरुस्ती, किंवा रीड-सॉलोमन. ५ मीटरच्या केबलला रीड-सॉलोमन लागतोच. ३ मीटरच्या आतल्या केबलला काय लागेल ते तिच्या दर्जावर ठरतं. अट एकच, की दोन्ही टोकांना एकच पर्याय हवा. एका बाजूने रीड-सॉलोमन बांधून पाठवला आणि दुसरी साध्या ब्लॉकची वाट बघत बसली तर तिला ब्लॉकची सुरुवातच सापडत नाही. दोन्हीकडे लिंक डाउन राहते आणि चुकीचा निरोप कुठेच उमटत नाही.

दोन्ही टोकं वेग आणि दुरुस्ती आपसांत ठरवत असतील तर हा प्रश्न येत नाही. पण एका बाजूला ही वाटाघाट बंद असेल, किंवा सर्व्हरच्या कार्डाचं फर्मवेअर जुनं असेल, तर येतो. बघण्याची आज्ञा सर्व्हरवर आणि क्युम्युलसच्या स्विचवर सारखीच आहे:

```
ethtool --show-fec swp1s2
sudo ethtool --set-fec swp1s2 encoding rs
```

पहिली ओळ सध्याचा प्रकार दाखवते, दुसरी रीड-सॉलोमन लावते. दुसरीने केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू झालं की पुसला जातो, त्यामुळे चाचणीत लिंक उभी राहिली तर तेच कायमच्या कॉन्फिगरेशनमध्येही लिहावं. नाहीतर काही महिन्यांनी सर्व्हर रीबूट होतो, लिंक जाते आणि हे दुरुस्त केल्याचं तोवर कुणालाच आठवत नसतं.

१० गिगाबिटच्या तांब्याच्या केबल्सवर फेकचा प्रश्न येत नाही. ४० चे पोर्ट तोडत आलेले अनुभवी लोक २५ वर आले की याच जागी अडकतात.

उलटी लावलेली केबल, आणि न तुटणारा प्रकाश

केबलला दिशा असते, हेही पुष्कळांना लावल्यावर कळतं. कुणाकडे १०० गिगाबिटचं कार्ड असलेला सर्व्हर आणि २५ चे पोर्ट असलेला स्विच असतो. मग मोठं डोकं सर्व्हरमध्ये आणि चार शेपट्या स्विचमध्ये खोचून १०० मिळतील असा बेत आखला जातो. पण तोडण्याची गरज नेहमी मोठ्या डोक्याच्या बाजूला असते आणि इथे त्या बाजूला सर्व्हरचं कार्ड आहे. बहुतेक कार्डांना पोर्ट चारांत तोडता येत नाही. फार तर पहिली लेन चालते, उरलेल्या तीन गप्प. अपवाद आहेत. इंटेलचं ४० गिगाबिटचं एक्सएल७१० कार्ड कंपनीच्या एका वेगळ्या साधनाने चार १० च्या पोर्टांत बदलता येतं. पण ते झाल्यावरही मिळतात त्या चार सुट्या लिंकच.

त्या चार लिंक एकत्र बांधल्या तरी एक मोठी लिंक होत नाही. बांधणीत कुठलं पॅकेट कुठल्या लिंकवरून जाणार हे पत्ता आणि पोर्ट क्रमांक यांवरून ठरतं आणि एका संभाषणाची सगळी पॅकेट्स एकाच लिंकवरून जातात. एकच मोठी फाइल एकाच जोडणीवरून पाठवली तर तिला १० च मिळतील, बाकीच्या तीन लिंक रिकाम्या असल्या तरी. अखंड ४० मध्ये ब्लॉक चार लेनना वाटले जात होते; तोडल्यावर ते वाटप संपलं आणि लिंक बांधून ते परत येत नाही.

अंतर तांब्याच्या पलीकडचं असलं की प्रकाश लागतो, आणि तिथे कोणता मॉड्यूल तुटतो आणि कोणता नाही हे त्याच्या आतल्या रचनेवरून कळतं. एसआर४ मॉड्यूलला बारा धाग्यांचा कनेक्टर असतो. त्यातले चार धागे पाठवतात, चार घेतात आणि मधले चार रिकामे. प्रत्येक लेनची स्वतःची धाग्यांची जोडी असल्याने त्या चार ठिकाणी नेता येतात. पीएसएम४ आणि डीआर४ चंही तसंच. एलआर४ मध्ये मात्र चार लेन चार रंगांच्या प्रकाशात एकाच धाग्यातून जातात. साध्या केबलने ते रंग वेगळे होत नाहीत. पोर्टावर तोडण्याची आज्ञा दिली आणि मॉड्यूल एलआर४ असला, तर आज्ञा मान्य होऊनही हाती काही लागत नाही.

४०० गिगाबिटच्या पोर्टांत हाच खेळ एक पायरी वर गेला आहे. तिथे स्विचच्या बाजूला ५० गिगाबिटच्या आठ लेन असू शकतात, तर डीआर४ मॉड्यूलमधून प्रकाशाच्या १०० च्या चार लेन बाहेर पडतात. आठाचे चार करण्याचं काम मॉड्यूलच्या आतली चिप करते. त्यामुळे ४०० चा डीआर४ पोर्ट १०० च्या चार लिंकमध्ये तोडता येतो, पण पलीकडे एका रंगावर पूर्ण १०० गिगाबिट बोलणारा डीआर१ किंवा एफआर१ मॉड्यूल लागतो. कपाटात पडून असलेले जुने १०० चे एलआर४ मॉड्यूल तिथे उपयोगाचे नाहीत. त्यांच्यावरही १०० च लिहिलेलं असतं, पण ते २५ च्या चार रंगांचे १०० असतात.